मूल्य-श्रम गुणांकन

मूल्य-श्रम गुणांकन ही प्रलंबित कामांचा क्रम ठरवण्याची एक साधी पद्धत आहे. प्रत्येक कामाला दोन अंक दिले जातात. पहिला अंक त्या कामाच्या मूल्याचा, म्हणजे काम पूर्ण झाल्याने होणाऱ्या लाभाचा किंवा टळणाऱ्या नुकसानीचा असतो. दुसरा अंक ते पूर्ण करण्यास लागणाऱ्या श्रमाचा असतो. मूल्याला श्रमाने भागून येणाऱ्या भागाकारास या लेखात 'प्राधान्यांक' म्हटले आहे. ज्या कामाचा प्राधान्यांक अधिक, ते काम आधी हाती घेतले जाते.

ही पद्धत मुख्यतः संगणक-प्रणाली तयार करणाऱ्या गटांमध्ये वापरली जाते. परंतु थोडी माणसे, अनेक मागण्या आणि प्रत्येक मागणीदाराचा 'माझेच काम तातडीचे' असा आग्रह, अशी स्थिती जेथे असेल तेथे ती लागू पडते. तिचा उपयोग निर्णय आपोआप मिळण्यासाठी नसून, तातडीचे दावे एकाच मापाने मोजता यावेत यासाठी आहे.

## पार्श्वभूमी

'तातडीचे' या शब्दाला माप नाही. दहा विभागांनी दहा कामे तातडीची म्हणून सांगितली, तर त्यावरून क्रम लावता येत नाही. कारण सर्वांना एकच विशेषण लागले की ते कोणालाच वेगळे करत नाही. अशा वेळी क्रम दुसऱ्याच गोष्टींवर ठरू लागतो. सर्वांत वरच्या पदावरील व्यक्तीचे काम, सर्वांत मोठ्या आवाजात मागितलेले काम किंवा सर्वांत शेवटी दूरध्वनी करणाऱ्याचे काम पुढे सरकते. ज्यांना बैठकीत स्थान नाही त्यांची कामे मागे राहतात.

तातडी आणि महत्त्व या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा विचार जुना आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी १९ ऑगस्ट १९५४ रोजी इलिनॉय राज्यातील इव्हान्स्टन येथील भाषणात, एका माजी महाविद्यालय-प्रमुखाचा हवाला देऊन, तातडीचे प्रश्न आणि महत्त्वाचे प्रश्न यांत भेद केला होता. पुढे या भेदावरून चार चौकटींचा तक्ता प्रचारात आला. मात्र त्या तक्त्यात कामाला लागणारा वेळ मोजला जात नाही. एकाच चौकटीत पंधरा कामे जमली, तर त्यांतील पहिले कोणते, याचे उत्तर तो देत नाही. मूल्य-श्रम गुणांकन ही उणीव भरून काढते.

## गणिती आधार

मूल्याला श्रमाने भागण्यामागे निश्चित गणित आहे. वेन ई. स्मिथ यांनी १९५६ साली 'नेव्हल रिसर्च लॉजिस्टिक्स क्वार्टरली' या नियतकालिकातील लेखात एका यंत्रावर अनेक कामे कोणत्या क्रमाने करावीत, या प्रश्नाचा विचार केला. प्रत्येक कामाला महत्त्वानुसार भार दिला आणि सर्व कामांच्या पूर्ण होण्याच्या वेळांची भारित बेरीज कमीत कमी व्हावी असे उद्दिष्ट ठेवले, तर भार भागिले वेळ या गुणोत्तराच्या उतरत्या क्रमाने कामे करणे सर्वांत योग्य ठरते, असे त्यांनी दाखवले. हा निष्कर्ष 'स्मिथचा नियम' म्हणून ओळखला जातो.

नियमाचे कारण दोन कामांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, 'क' हे काम लांबल्यास दर आठवड्यास ६ एकक नुकसान होते आणि त्याला ३ आठवडे लागतात. 'ख' लांबल्यास दर आठवड्यास ४ एकक नुकसान होते आणि त्याला १ आठवडा लागतो. केवळ मूल्य पाहिले तर 'क' आधी घ्यावे असे वाटते. 'क' आधी घेतल्यास ते तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी आणि 'ख' चौथ्याच्या शेवटी पूर्ण होते; एकूण नुकसान (६ × ३) + (४ × ४) = ३४ एकक. 'ख' आधी घेतल्यास ते पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि 'क' चौथ्याच्या शेवटी पूर्ण होते; एकूण नुकसान (४ × १) + (६ × ४) = २८ एकक.

दोन्ही क्रमांत एकूण श्रम चार आठवड्यांचेच आहेत. फरक फक्त कोणी किती थांबायचे, एवढाच आहे. 'क' आधी केले तर 'ख'ला तीन आठवडे थांबावे लागते आणि १२ एकक नुकसान होते. 'ख' आधी केले तर 'क'ला एकच आठवडा थांबावे लागते आणि ६ एकक नुकसान होते. शेजारच्या कोणत्याही दोन कामांना हीच तुलना लावत गेल्यास संपूर्ण यादीचा क्रम मिळतो.

या गणितात मूल्य म्हणजे कामाची सर्वसाधारण थोरवी नव्हे, तर काम एक आठवडा लांबल्यास होणारे नुकसान होय. डोनाल्ड राइनर्टसेन यांनी 'द प्रिन्सिपल्स ऑफ प्रॉडक्ट डेव्हलपमेंट फ्लो' (२००९) या ग्रंथात याच अर्थाने 'विलंबाची किंमत' ही कल्पना उत्पादन-विकासाच्या क्षेत्रात ठामपणे मांडली. त्यामुळे मागणीदाराला विचारायचा प्रश्नही बदलतो. 'हे काम तातडीचे आहे का?' या प्रश्नाला प्रत्येक जण 'हो' म्हणतो. 'हे काम एक महिना लांबले तर नेमके कोणाचे, काय आणि किती बिघडेल?' या प्रश्नाची उत्तरे मात्र वेगवेगळी येतात.

## गुणांकनाची रीत

मूल्य. सर्व कामे एकाच यादीत मांडून त्यांची परस्परांशी तुलना केली जाते. ज्याच्या विलंबाने सर्वांत कमी बिघडते त्या कामाला १ किंवा २ गुण देऊन तो आधार धरतात आणि इतर कामे त्याच्या किती पट आहेत ते ठरवतात. यासाठी बहुधा १, २, ३, ५, ८, १३ अशी श्रेणी वापरतात. या श्रेणीत वर जाताना अंतर वाढत जाते. त्यामुळे सात की आठ असा निष्फळ वाद टळतो. गुण देताना दोन बाबी पाहिल्या जातात: विलंबाची झळ किती जणांना बसते आणि प्रत्येकाला ती किती तीव्रतेने बसते. मूल्याचे गुण मागणीदारांनी एकत्र बसून, एकमेकांसमोर द्यावेत. स्वतंत्र खोलीत प्रत्येक जण आपल्या कामाला १३ गुण देतो; सर्वांसमोर ते देताना कारण सांगावे लागते.

श्रम. श्रमाचा अंदाज मात्र जे काम करणार आहेत त्यांनीच द्यावा. तो आठवड्यांत किंवा मनुष्यदिवसांत देता येतो. तपासणी, जुन्या नोंदी नव्या प्रणालीत आणणे आणि वापरणाऱ्यांना शिकवणे, हा वेळ त्यात धरावा लागतो. अंदाज चुकण्याचे हे नेहमीचे ठिकाण आहे. मोठ्या पदावरील व्यक्तीच्या अंदाजाचा इतरांवर दबाव येऊ नये म्हणून प्रत्येकाने आपला अंक झाकून ठेवावा आणि सर्वांनी एकाच वेळी दाखवावा, अशी रीत आहे. जेम्स ग्रेनिंग यांनी २००२ साली मांडलेल्या या रीतीस 'प्लॅनिंग पोकर' म्हणतात. दोन अंदाजांत मोठा फरक आला, तर एकाला माहीत असलेली अडचण दुसऱ्याला माहीत नाही असा त्याचा अर्थ होतो आणि चर्चा तेथेच केली जाते.

मूल्य आणि श्रम यांचे अंक दोन वेगळ्या गटांनी देणे आवश्यक आहे. मागणीदाराने श्रम ठरवल्यास 'यात काय, दोन दिवसांचे काम' असे होते. काम करणाऱ्याने मूल्य ठरवल्यास त्याला आवडणारे काम वर येते.

## एक उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात एक छोटा गट असून तो एका वेळी एकच काम हाती घेतो. त्याच्याकडे सहा मागण्या आल्या आहेत आणि प्रत्येकीवर 'अत्यंत तातडीचे' असा शेरा आहे. मूल्याचा स्तंभ दर आठवड्याच्या विलंबाने होणारे सापेक्ष नुकसान दाखवतो, तर श्रमाचा स्तंभ लागणारे आठवडे दाखवतो.

| काम | मागणीदार | मूल्य | श्रम | प्राधान्यांक |
|---|---|---|---|---|
| बोनाफाइड दाखल्याची ऑनलाइन मागणी | विद्यार्थी खिडकी | ५ | १ | ५ |
| अंतर्गत गुणांची नोंद | परीक्षा विभाग | ८ | २ | ४ |
| शुल्क व बँक खात्याचा मेळ | लेखा विभाग | ८ | ४ | २ |
| पुस्तकांची ऑनलाइन मुदतवाढ | ग्रंथालय | २ | १ | २ |
| वसतिगृहाची नोंदवही व अर्ज | वसतिगृह | ३ | २ | १.५ |
| संकेतस्थळाचे नवे रूप | प्राचार्य | ३ | ६ | ०.५ |

गुणांकनापूर्वी ठरलेला क्रम पदानुसार होता: प्रथम प्राचार्यांचे संकेतस्थळ, मग लेखा, परीक्षा, दाखले, ग्रंथालय आणि शेवटी वसतिगृह. या क्रमाने कामे अनुक्रमे ६, १०, १२, १३, १४ आणि १६ व्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण होतात. प्रत्येक कामाचे मूल्य आणि ते पूर्ण होण्याचा आठवडा यांचा गुणाकार करून बेरीज केली, तर १८ + ८० + ९६ + ६५ + २८ + ४८ = ३३५ एकक नुकसान येते.

प्राधान्यांकानुसार क्रम असा लागतो: दाखले, परीक्षा, ग्रंथालय, लेखा, वसतिगृह, संकेतस्थळ. कामे अनुक्रमे १, ३, ४, ८, १० आणि १६ व्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण होतात आणि बेरीज ५ + २४ + ८ + ६४ + ३० + ४८ = १७९ एकक येते. गट तोच, सोळा आठवडे तेच, कामेही तीच. नुकसान मात्र जवळजवळ निम्म्यावर येते.

येथे दाखल्याच्या कामाचा प्रवास लक्षात घेण्यासारखा आहे. दाखल्यासाठी एकदा अर्ज द्यायला आणि एकदा तो घ्यायला खिडकीपुढे रांग लावणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी बैठकीत नव्हता. पदानुसार लावलेल्या क्रमात त्यांना तेरा आठवडे थांबावे लागले असते. गुणांकनानंतर त्यांचे काम पहिल्याच आठवड्यात होते. एकूण बेरजेतील घट दिसण्यास सोपी असली तरी, थांबण्याचा भार कोणावर पडतो हे उघड होणे हाही या पद्धतीचा तितकाच ठळक परिणाम आहे.

लेखा आणि ग्रंथालय या दोन कामांचा प्राधान्यांक सारखाच, म्हणजे २ आहे. त्यांतील कोणतेही आधी केले तरी बेरीज १७९ च राहते. अशा बरोबरीच्या वेळी इतर कारणांनी निर्णय घ्यावा, त्यासाठी गुणांत फेरफार करू नये.

## ठरलेली मुदत

सर्वच तातडी खोटी नसते. काही कामांना बाहेरून ठरलेली तारीख असते आणि ती उलटल्यावर काम निरुपयोगी होते. साध्या गुणोत्तरात ही गोष्ट दिसत नाही, कारण त्यात प्रत्येक आठवड्याचे नुकसान सारखेच धरलेले असते.

वरील उदाहरणात वसतिगृहाचे नवे अर्ज दहाव्या आठवड्याच्या आरंभी सुरू व्हायचे आहेत असे समजू. म्हणजे त्याचे काम नवव्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण झालेच पाहिजे. प्राधान्यांकाच्या क्रमात ते दहाव्या आठवड्याच्या शेवटी होते. याला उपाय म्हणून त्याचे मूल्य ३ वरून १३ केल्यास मूल्याचे मापच बिघडते. योग्य मार्ग असा, की मुदतीतून श्रम वजा करून काम सुरू करण्याची शेवटची वेळ काढावी. येथे ती सातव्या आठवड्याची अखेर आहे. त्यानंतर यादी अशी हलवावी की ही मर्यादा पाळली जाईल आणि नुकसान कमीत कमी वाढेल.

असे दोन क्रम संभवतात. पहिला क्रम दाखले, परीक्षा, लेखा, वसतिगृह, ग्रंथालय, संकेतस्थळ हा आहे. यात वसतिगृहाचे काम बरोबर नवव्या आठवड्याच्या शेवटी होते आणि बेरीज १८० येते. म्हणजे मुदत पाळण्याची किंमत केवळ १ एकक. दुसरा क्रम दाखले, परीक्षा, ग्रंथालय, वसतिगृह, लेखा, संकेतस्थळ हा आहे. यात वसतिगृहाचे काम सहाव्या आठवड्याच्या शेवटीच होते आणि बेरीज १८३ येते.

कागदावर पहिला क्रम सरस आहे, पण त्यात मुदतीपूर्वी एक दिवसही मोकळा राहत नाही. त्याच्या आधीचे लेखा विभागाचे चार आठवड्यांचे काम पाच आठवडे चालले, तरी मुदत चुकते. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की यांनी १९७९ साली दाखवून दिल्याप्रमाणे माणसे आपल्या कामाला लागणारा वेळ प्रत्यक्षापेक्षा कमी धरतात. हे ध्यानात घेता ३ एकक अधिक सोसून तीन आठवड्यांची मोकळीक देणारा दुसरा क्रम निवडणे शहाणपणाचे ठरते.

मुदतीचा दावा खरा आहे की नाही, हे तपासण्याची कसोटी सोपी आहे. ती तारीख कोणी ठरवली आणि ती उलटल्यावर दुसऱ्या दिवशी काय होईल, असे विचारावे. कायदा, परीक्षेचे वेळापत्रक किंवा अर्जांची जाहीर झालेली तारीख यांतून आलेली मुदत खरी असते. 'या महिन्यात झाले तर बरे' ही इच्छा असते. तिला मूल्याच्या अंकातच स्थान मिळालेले असते.

## मोठ्या कामाचे विभाजन

ज्या कामाचा प्राधान्यांक श्रमामुळे घसरतो, ते नेहमी तळाशी राहते. बहुधा त्या मागणीदाराचा रोषही मोठा असतो. त्याला नकार देण्याऐवजी त्या कामाचे भाग पाडून पाहणे अधिक उपयुक्त असते. कारण मोठ्या कामातील मूल्य सर्व भागांत सारखे वाटलेले नसते.

उदाहरणातील संकेतस्थळाच्या मागणीमागची तक्रार विचारल्यावर असे कळले, की सूचनांचे पान भ्रमणध्वनीवर वाचता येत नाही आणि पालक कार्यालयात दूरध्वनी करतात. केवळ हे पान सुधारण्यास १ आठवडा लागतो आणि त्याचे मूल्य २ आहे. म्हणजे प्राधान्यांक २. रंग, मांडणी, छायाचित्रे इत्यादी उरलेल्या भागाचे मूल्य १, श्रम ५ आठवडे आणि प्राधान्यांक ०.२ आहे.

आता क्रम असा होतो: दाखले, परीक्षा, ग्रंथालय, सूचनांचे पान, वसतिगृह, लेखा आणि शेवटी संकेतस्थळाचा उरलेला भाग. कामे १, ३, ४, ५, ७, ११ आणि १६ व्या आठवड्याच्या शेवटी पूर्ण होतात. बेरीज ५ + २४ + ८ + १० + २१ + ८८ + १६ = १७२ एकक येते. आधीच्या १८३ पेक्षा ती कमी आहे, वसतिगृहाच्या मुदतीपूर्वी दोन आठवडे मोकळे राहतात आणि सोळा आठवडे थांबावे लागणाऱ्या मागणीदाराला खरी निकड असलेला भाग पाचव्या आठवड्यात मिळतो.

## नेहमी होणाऱ्या चुका

गुणांची फुगवणूक. काही महिन्यांत सर्व कामांचे मूल्य ८ किंवा १३ होते, हे या चुकीचे लक्षण आहे. मग क्रम केवळ श्रमावर ठरू लागतो आणि लहान कामेच पुढे येत राहतात. यावर उपाय म्हणजे गुणांची एकूण मर्यादा ठरवणे. सहा कामांना मिळून ३० गुण वाटायचे असतील, तर एकाला वाढवताना दुसऱ्याचे कमी करावे लागतात.

तातडी दोनदा मोजणे. विलंबाचे नुकसान मूल्यात धरल्यावर पुन्हा 'तातडी' नावाचा तिसरा अंक मिळवला, तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. घाई करणाऱ्याला त्याचा दुहेरी लाभ मिळतो.

उत्तर आधी ठरवून अंक भरणे. हवा तो क्रम येईपर्यंत अंक बदलत राहणे, हा सर्वांत घातक प्रकार आहे. कारण त्यामुळे जुन्याच दडपणाला गणिताचा पोशाख मिळतो. अंकासोबत एका वाक्यात कारण लिहून ठेवल्यास आणि बदल करताना नवे कारण लिहावे लागल्यास हा प्रकार लगेच उघड होतो.

दशांशावर विश्वास. २.१ आणि १.९ यांतील फरकाला अर्थ नसतो. मूल्याचे गुण हे बहुतांशी क्रमदर्शक असतात, लांबी-वजनासारखी मापे नसतात. एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मापनाच्या पातळ्यांचे वर्गीकरण करून क्रमदर्शक मापांवर कोणती गणिते करणे योग्य ठरते, याची मर्यादा स्पष्ट केली होती. म्हणून प्राधान्यांकांचे वरचा, मधला आणि खालचा असे गट पाडणे पुरेसे असते.

निष्कर्ष कितपत भक्कम आहे, हे अंक बदलून तपासता येते. मूळ तक्त्यात संकेतस्थळाचे मूल्य दुप्पट, म्हणजे ६ केले तरी त्याचा प्राधान्यांक १ होतो आणि ते शेवटीच राहते. परीक्षा विभागाच्या कामाला दुप्पट वेळ लागेल असे धरले तरी त्याचा प्राधान्यांक २ होतो, म्हणजे ते लेखा व ग्रंथालय यांच्या बरोबरीस येते, मागे पडत नाही. लेखा विभागाच्या कामाचे श्रम दुप्पट निघाले, तर मात्र प्राधान्यांक १ होऊन ते वसतिगृहाच्या मागे जाते. म्हणून अधिक चर्चा करायची असेल तर ती लेखा विभागाच्या श्रमाच्या अंदाजावर करावी. इतर अंकांवर वाद घालण्यात अर्थ नाही.

## संबंधित पद्धती

'राइस' या पद्धतीत किती जणांपर्यंत काम पोहोचते, प्रत्येकावर किती परिणाम होतो आणि या अंदाजांबद्दल किती खात्री आहे, या तीन अंकांचा गुणाकार करून त्याला श्रमाने भागतात. ही पद्धत इंटरकॉम या कंपनीत विकसित झाली. खात्रीचा अंक वेगळा असल्याने, भरघोस पण निराधार दावे त्यात आपोआप खाली येतात. 'सेफ' या कार्यचौकटीत वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत विलंबाची किंमत तीन घटकांच्या बेरजेने काढून तिला कामाच्या आकाराने भागतात. तिचे मूळ राइनर्टसेन यांच्या मांडणीत आहे. 'मॉस्को' पद्धतीत कामांची अत्यावश्यक, आवश्यक, शक्य असल्यास आणि या वेळी नको अशी चार गटांत विभागणी होते. तीत अंक नसल्याने ती समजण्यास सोपी आहे. परंतु प्रत्येक जण आपले काम अत्यावश्यक गटात टाकू पाहतो आणि मूळ अडचण पुन्हा उभी राहते.

## मर्यादा

स्मिथचा नियम काही अटींवरच अचूक असतो. सर्व कामे आताच सुरू करता येण्याजोगी असावीत, ती परस्परांवर अवलंबून नसावीत आणि एका वेळी एकच काम चालावे. एखादे काम दुसऱ्याचा पाया असेल, तर त्याचे स्वतःचे मूल्य अल्प दिसते. अशा वेळी त्यावर उभी राहणारी कामे त्याच्यासह एकत्र मोजावी लागतात. नोंदींची सुरक्षित प्रत ठेवण्याची व्यवस्था किंवा जुनाट प्रणालीची दुरुस्ती अशी कामे याच कारणाने वर्षानुवर्षे तळाशी राहतात. त्यांच्यासाठी गटाच्या वेळेचा काही भाग आधीच राखून ठेवण्याची प्रथा आहे.

कायद्याने बंधनकारक असलेली कामे, सुरक्षिततेचे प्रश्न आणि चालू प्रणाली बंद पडणे यांना गुणांकन लावले जात नाही. ती यादीबाहेर ठेवून लगेच हाताळली जातात. मात्र या वेगळ्या मार्गाने आलेल्या कामांची संख्या मोजली पाहिजे. दर आठवड्याला अशी कामे येऊ लागली, तर बहुधा गुणांकन टाळण्यासाठी तो मार्ग वापरला जात आहे, असे समजावे.

शेवटी, प्रत्येक कामाचे मूल्य कोणाच्या दृष्टीने मोजायचे, हा प्रश्न ही पद्धत सोडवत नाही. परीक्षा विभागाचे ८ आणि विद्यार्थ्यांच्या रांगेचे ५ हे अंक संस्थेचे हेतू काय आहेत यावरून ठरतात आणि त्याबद्दल प्रामाणिक मतभेद असू शकतात. गुणांकनाने ते मतभेद मिटत नाहीत. ते कोणत्या अंकावर आहेत, एवढे सर्वांना दिसते. क्रम मान्य नसलेल्या व्यक्तीला कोणत्या ओळीतील कोणता अंक चुकीचा आहे आणि का, हे सांगावे लागते.